पाच मिली म्हणजे नेमकं किती? तापातल्या मुलीच्या पॅरासिटामॉल डोसचं एक प्रकरण

(कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधाचे आकडे आणि वेळा मात्र तशाच ठेवल्या आहेत.)

## पार्श्वभूमी

भांडुपला माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. जुलै सुरू झाला की संध्याकाळी बाहेर ओल्या छत्र्यांचा ढीग पडतो आणि आत दर तिसरं मूल तापाचं असतं. अशाच एका मंगळवारी मनूला घेऊन तिची आई आली. मनू दोन वर्षं एक महिन्याची. काट्यावर वजन भरलं बरोबर ११ किलो. ताप १०२ फॅरनहाइट, नाक वाहत होतं, घसा थोडा लाल होता. श्वास नीट, कान साफ, अंगावर पुरळ नाही. ताप उतरल्यावर ती खेळते असं आईने सांगितलं, म्हणजे काळजीचं काही नव्हतं. दोन दिवस वाट बघू, पाणी-पेज देत राहा, ताप राहिला तर गुरुवारी या, इतकं सांगून मी चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पॅरासिटामॉल सिरप, ५ मिली, ताप असल्यास, दर ६ तासांनी.’

या प्रकरणाची सुरुवात त्या ओळीपासून झाली आणि ती ओळ माझ्या हातची आहे. तिच्यात औषधाचं नाव आहे, मिली आहे, वेळ आहे. बाटलीची ताकद मात्र नाही. आपल्याकडे मुलांचं पॅरासिटामॉल सिरप मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एकात दर ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात त्याच ५ मिलीला २५०. शिवाय तान्ह्या बाळांसाठी ड्रॉपरवाले थेंब असतात. ते सगळ्यांत घट्ट, एका मिलीलाच १०० मिलिग्रॅम. माझ्या डोक्यात १२० ची बाटली होती. ती माझ्या डोक्यातच राहिली.

घरी चार मोठी माणसं आणि दोन मुली. आई फोर्टला नोकरीला, सकाळची आठची लोकल. बाबांची शिफ्ट ड्यूटी, त्या आठवड्यात दुपारची. दिवसभर मनू आणि तिची सहा वर्षांची ताई आजी-आजोबांजवळ. म्हणजे औषध देणारे हात तीन, आणि एकाने काय दिलं ते दुसऱ्याला तोंडी सांगायचं. बहुतेक घरांत असंच चालतं.

## अडचण कशी वाढत गेली

पहिली बाटली १२० ची होती. मंगळवारी रात्री आठला, बुधवारी पहाटे तीनला आणि अकराला असे तीन डोस गेले. प्रत्येकी १२० मिलिग्रॅम. इथपर्यंत सगळं मर्यादेत होतं.

मात्र ताप ‘उतरत नव्हता’. आई नंतर म्हणाली, “१०२.५ वरून १०१.५ वर यायचा, की परत चढायचा.” पॅरासिटामॉलने एवढंच होतं. तासाभरात ताप एक-दीड अंशाने खाली येतो आणि औषधाचा अंमल ओसरला की परत चढतो. ते आजार बरा करत नाही, मुलाचं अंग दुखणं आणि कुरकुर कमी करतं. हे मी मंगळवारी आईला सांगितलं नव्हतं. भरीला ११ किलोच्या मुलीला १२० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ११ मिलिग्रॅम होतात. बरोबर डोस किलोमागे १० ते १५ असतो, त्यातल्या खालच्या टोकाला आम्ही होतो. ५ मिली हा आकडा लिहायला आणि लक्षात ठेवायला सोपा म्हणून डॉक्टरांच्या हातून आपोआप उतरतो. त्याचा परिणाम असा की औषध कमी पडतं, घरच्यांना वाटतं ते चालत नाही, आणि मग ‘जरा स्ट्राँग’ काहीतरी शोधणं सुरू होतं.

बुधवारी दुपारी ताईच्या धक्क्याने बाटली लवंडली. रात्री आठ वाजता, पावसात, बाबा मेडिकलमध्ये गेले. पुढचं बाबांच्याच शब्दांत: “मी म्हटलं, मुलांचं तापाचं सिरप द्या. त्याने विचारलं, वय काय. म्हटलं, दोन. म्हणाला, हे घ्या, जरा स्ट्राँग आहे, पटकन उतरेल.” बाटली २५० ची. खोका जवळजवळ तसाच, त्यावर लहान मुलाचं चित्रही तसंच. फरक खोक्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्याचा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं ५ मिली, म्हणून ५ मिलीच दिलं.

त्यानंतर नव्या बाटलीतून दिलेले डोस असे. बुधवारी रात्री नऊला बाबांनी, रात्री दोनला बाबांनीच, गुरुवारी सकाळी सातला निघायच्या घाईत आईने, साडेअकराला आजीने, चारला आजीने. एकोणीस तासांत पाच डोस. माझी ‘दर ६ तासांनी’ची सूचना कधी एका तासाने, कधी दीड तासाने अलीकडे सरकत गेली, कारण प्रत्येकजण आपण दिल्यापासूनचा हिशेब धरत होता. बाबांच्या मनात तर रात्री बाराला दिवस बदलतो असं होतं: “बुधवारचे तीन झाले होते, गुरुवारचे नव्याने मोजले.” शरीराला तारीख कळत नाही. २४ तास म्हणजे आत्तापासून मागे मोजलेले २४ तास.

गुरुवारी आजीच्या हातून आणखी एक भर पडली. मनूचं नाक चोंदलेलं पाहून तिने कपाटातलं ताईचं सर्दीचं औषध काढलं. ताईला पाच मिली सांगितलं होतं, ही धाकटी, म्हणून अर्धा चमचा. सकाळी साडेआठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल घातलेलंच असतं आणि याच्यातही होतं, दर ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम. लेबलवर ते दिसतं, पण क्लोरफेनिरामाइन, फिनाइलएफ्रिन अशा लांबलचक नावांच्या गर्दीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. पाहायला गेलं तर हे औषध मनूसाठी नव्हतंच. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. घरातली बाटली त्याआधीची होती का, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

हे सगळं उघड झालं ते आईमुळे. गाड्या उशिरा, ती साडेसातला घरी पोचली. मनू आजीच्या मांडीवर मलूल पडली होती, दुपारपासून दोनदा उलटी झाली होती, सकाळपासून पोटात दोन घास पेज होती. पुढचा डोस द्यावा म्हणून आईने बाटली उजेडात धरली. बाटली अर्धी रिकामी होती. काल रात्रीच आणलेली ६० मिलीची बाटली एवढ्यात अर्धी कशी, हा प्रश्न तिला पडला आणि मग तिची नजर २५० वर गेली. तिने डोस दिला नाही. दोन्ही बाटल्यांचे फोटो काढून मला फोन केला.

## समोरचे पर्याय

फोनवर पहिलं काम बेरजेचं होतं. नव्या बाटलीचे पाच डोस, प्रत्येकी २५०, म्हणजे १२५० मिलिग्रॅम. सर्दीच्या औषधातून अडीच मिलीच्या तीन वेळा मिळून १८७. एकूण १४३७, भागिले ११, किलोमागे सुमारे १३० मिलिग्रॅम. हे सगळं एकवीस तासांत. घरी देताना मर्यादा आहे २४ तासांत किलोमागे ६० ची. दुपटीच्याही वर गेलो होतो.

मग हे विषारी आहे का? याचं उत्तर सरळ नाही. लहान मुलांत २४ तासांत किलोमागे २०० च्या पुढे गेलं तर यकृताला इजा होण्याचा धोका मानून कसलीही वाट न पाहता रुग्णालय, असा संकेत आहे. दोन दिवस रोज १५० च्या वर, तीन किंवा जास्त दिवस रोज १०० च्या वर गेलं तरीही तेच. म्हणजे १३० ला मनू या रेषेच्या खाली होती. कागदावर ‘घरी लक्ष ठेवा’ म्हणता आलं असतं. हा पहिला पर्याय, आणि खरं सांगतो, पावसाच्या रात्री आठ वाजता तो मोहात पाडणारा होता.

तो मी सोडला, दोन कारणांनी. पहिलं कारण मनूची अवस्था. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका घातक पदार्थात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. दिवसभर न जेवलेल्या, उलट्या करणाऱ्या मुलाचा हा साठा उतरलेला असतो. अशा मुलाला रेषेच्या खालचा डोससुद्धा जड जाऊ शकतो. आणि इजा होत असली तरी पहिल्या दिवशी मूल फक्त मलूल दिसतं, एखादी उलटी होते. तापातही नेमकं तसंच दिसतं. यकृताची खूण रक्तात उमटायला एक-दोन दिवस लागू शकतात. त्यामुळे ‘बरी दिसतेय’ यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

दुसरं कारण म्हणजे १३० हा आकडा मला खरा वाटत नव्हता. मी विचारलं, “मापाचं झाकण वापरलं ना?” आजीचा मागून आवाज आला, “झाकण सकाळपासून सापडत नाहीये डॉक्टर, मी चमच्याने दिलं.”

आजोबांचा सल्ला होता की मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी. ते मी ताबडतोब थांबवलं. घशात औषध अडकून ठसका लागण्याचा धोका, मिठाचा वेगळा धोका, आणि औषध कधीच रक्तात गेलेलं. पोटातलं औषध शोषून घेणारा कोळसा एकाच वेळी मोठा डोस गेला असेल तर पहिल्या तास-दोन तासांत उपयोगी पडतो. इथे तशी वेळ उरली नव्हती.

उरले दोन: रक्त तपासून ठरवणं, की तपासणीची वाट न पाहता उतारा, म्हणजे एन-असिटिलसिस्टीन, सुरू करणं. उतारा चांगला आहे आणि वेळेत मिळाला तर यकृत वाचवतो. पण त्यालाही शिरेतून तासन्‌तास सलाईन, कधी अंगावर रॅश, कधी दमा उठणं असा स्वतःचा त्रास आहे. रक्ताचा अहवाल दोन-तीन तासांत मिळणार असेल तर या आकड्याला आधी तपासणी, असं माझं मत पडलं. आईला सांगितलं, “मोठ्या रुग्णालयात चला, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो. दोन्ही बाटल्या, सर्दीचं औषध आणि आजींनी वापरला तो चमचा, सगळं पिशवीत घालून आणा.”

## काय केलं

रुग्णालयाच्या अपघात विभागात मी पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. आजी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चमचा स्टीलचा, जरा खोलगट, आमटी वाढायला घेतात त्याच्या धाकट्या भावासारखा. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घेऊन मी त्यात पाणी सोडत गेलो. पाचला चमचा भरला नाही. सहाला नाही. सातला पाणी काठाला आलं. आजी बघत होती. म्हणाली, “म्हणजे मी सात सात दिलं?”

बाटलीतलं उरलेलं सिरपही सिरिंजने मोजलं, ३० मिली. साठातले तीस गेले. झाकणाचे तीन डोस पंधरा आणि चमच्याचे दोन चौदा, एकोणतीस, शिवाय थोडं ओघळलेलं. मेळ बसला. अर्धा चमचा सर्दीचं औषधही अडीच नव्हे, साडेतीन मिली. नवी बेरीज १७१२ मिलिग्रॅम, किलोमागे १५५. फोनवरच्या हिशेबापेक्षा पंचवीसने जास्त, फक्त चमच्यामुळे.

नऊ वाजता रक्त काढलं: पॅरासिटामॉलची पातळी, यकृताचे एसजीपीटी, साखर, रक्त गोठण्याची वेळ. ताप होताच आणि पावसाळा होता, म्हणून रक्तपेशी आणि डेंग्यूची एनएस-१ सुद्धा. एकाच मोठ्या डोसनंतर रक्तातली पातळी आणि गेलेले तास एका आलेखावर मांडून उतारा द्यायचा का ते ठरवतात. रुमॅक आणि मॅथ्यू यांनी १९७५ साली दिलेला हा आलेख आजही वापरात आहे. तो इथे कामाचा नव्हता. थोडं थोडं करून जास्त गेलं असेल तेव्हा तो आलेख खोटा दिलासा देतो. अशा वेळी दोनच गोष्टी बघायच्या: रक्तात औषध अजून किती आहे, आणि एसजीपीटी वाढलंय का.

अहवाल साडेअकराला आला. पातळी १४ मायक्रोग्रॅम दर मिलीला, एसजीपीटी ३२. साखर आणि गोठण्याची वेळ ठीक. पातळी २० च्या वर असती किंवा एसजीपीटी चढलेलं असतं तर त्याच मिनिटाला उतारा सुरू करायचा, असं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. १४ हा आकडा दिलासा देणारा, पण निश्चिंत करणारा नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन लावला. १८०० ११६ ११७ हा त्यांचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, आणि पालकही लावू शकतात. तिथेही मत असंच पडलं: उतारा नको, मुलीला ठेवून घ्या, पहाटे पुन्हा तपासा.

मनूला सलाईन लावलं. ताप १०१ होता. पॅरासिटामॉल बंद. आईला हे सगळ्यांत अवघड गेलं. “ताप डोक्यात गेला तर?” ती दोनदा म्हणाली. ताप डोक्यात जात नाही. तापातली झटक्यासारखी फिट ज्या मुलांना यायची त्यांना पॅरासिटामॉल दिलं तरी येते, त्यामुळे त्या भीतीने डोस वाढवण्यात काही मिळत नाही. अंगावर एकच पातळ सदरा ठेवला, कोमट पाण्याने अंग पुसलं. बर्फ किंवा गार पाणी नाही, त्याने मूल कुडकुडतं आणि ताप उलट चढतो. मधल्या काळात आयबुप्रोफेन द्यायचं का, असं बाबांनी विचारलं. डेंग्यूचा अहवाल हाती नसताना पावसाळ्यात आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलमध्ये ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणाऱ्या काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर हीच औषधं मिसळलेली असतात. बाबांना त्या रात्री तसलं सिरप मिळालं नाही, हे नशीब.

## परिणाम

पहाटे सहाला पातळी मोजता येईल एवढीही उरली नव्हती. एसजीपीटी ३५. डेंग्यू नाही. मनू सकाळी नऊला पोहे खाऊन बाबांच्या मोबाइलसाठी रडायला लागली. दुपारी घरी सोडलं. शनिवारी ताप गेला, सोमवारी पुन्हा एसजीपीटी केलं, ते ३० होतं. साधा विषाणूचा ताप होता. आठ दिवसांनी तिच्या यकृताला काही झालेलं नाही, असं मी लेखी दिलं.

## काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो, कारण पहिली चूक माझी. त्यानंतर माझ्या चिठ्ठीत आधी वजन येतं, मग मिलिग्रॅम, मग बाटलीची ताकद आणि शेवटी मिली. मनूच्या बाबतीत ती ओळ अशी असायला हवी होती: ‘वजन ११ किलो. पॅरासिटामॉल १६० मिग्रॅ. १२०/५ ची बाटली असेल तर ६.५ मिली, २५०/५ ची असेल तर ३.२ मिली. दोन डोसांत ६ तास. २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा.’ लांब आहे, पण ही ओळ असती तर बाबांच्या हातात दुसरी बाटली पडूनही काही बिघडलं नसतं. आणि डोस पूर्ण मिळाला असता तर ‘स्ट्राँग’ शोधायची वेळही कदाचित आली नसती.

दवाखान्याच्या भिंतीवर आणि आता पालकांच्या फोनमध्ये जातो तो तक्ता खाली देतोय. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरून केलाय, मिली खालच्या बाजूला गोल केलेत. मुलाचं वजन दोन ओळींच्या मध्ये पडलं तर वरची, म्हणजे कमी वजनाची ओळ घ्यायची.

| वजन (किलो) | एका वेळी (मिग्रॅ) | १२०/५ चं सिरप (मिली) | २५०/५ चं सिरप (मिली) | थेंब, १ मिलीत १०० (मिली) | २४ तासांत कमाल (मिग्रॅ) |
|---|---|---|---|---|---|
| ६ | ९० | ३.५ | १.८ | ०.९ | ३६० |
| ८ | १२० | ५ | २.४ | १.२ | ४८० |
| १० | १५० | ६ | ३ | १.५ | ६०० |
| १२ | १८० | ७.५ | ३.६ | वापरू नये | ७२० |
| १५ | २२५ | ९ | ४.५ | वापरू नये | ९०० |
| २० | ३०० | १२ | ६ | वापरू नये | १२०० |

थेंबांच्या पुढे ‘वापरू नये’ लिहिलंय ते माझं मत आहे, नियम नाही. मोठ्या मुलाला थेंब देताना हात सिरपच्या सवयीने ५ मिलीवर जातो, आणि थेंबांचे ५ मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम. १२५/५ ची बाटली असेल तर १२० चाच रकाना चालतो, फरक किरकोळ आहे.

तक्ता तीन महिन्यांखालच्या बाळासाठी नाही. तेवढ्या बाळाला १००.४ ताप असेल तर औषध न देता आधी डॉक्टर. यकृताचा आजार असलेल्या, किंवा खूप कुपोषित मुलालाही तक्ता लावायचा नाही, त्यांचा डोस डॉक्टरच ठरवतील. आणि वजन आजचं हवं. घरच्या काट्यावर मूल उभं राहत नसेल तर आधी आपण मुलाला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. वयावरून अंदाज करू नये. दोन वर्षांची नऊ किलोची मुलगी आणि चौदा किलोची मुलगी, दोघी माझ्याकडे एकाच संध्याकाळी येऊन गेल्या आहेत.

दोन डोसांत सहा तास ठेवले की २४ तासांत आपोआप चारच बसतात आणि किलोमागे ६० ची मर्यादा पाळली जाते. मूल फारच बेचैन असेल तर चार तासांनी देता येतं, त्याच्या आत कधीच नाही, आणि तरी एकूण चारच. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायचं नाही. बाबांचा रात्री दोनचा डोस झोपेतून उठवून दिलेला होता, फक्त कपाळ गरम लागलं म्हणून. तो वगळला असता तर बाकीची साखळीही ढिली पडली असती. औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं तर पुन्हा एकदा देता येतं. अर्ध्या तासानंतर उलटी झाली तर ते औषध पोटात गेलं असं धरून पुढच्या वेळेची वाट पाहायची. गुदद्वारातून द्यायची कांडी दिली असेल तर तीही याच हिशेबात मोजायची.

आईच्या बाबतीत एक निर्णय फार योग्य होता, बाटली उजेडात धरून लेबल वाचणं. तो सकाळी सातला झाला असता तर तीन डोस वाचले असते. तिला मी तसं म्हणालो नाही. आठच्या लोकलसाठी धावणाऱ्या बाईला हे सांगून काय मिळवायचं होतं? पण घरात एकच बाटली ठेवायची, सर्दीचं औषध मुलाला द्यायचंच झालं तर आधी त्यात पॅरासिटामॉल आहे का ते शोधायचं, आणि जुनी औषधं कपाटातून काढून टाकायची, हे तिनेच आपणहून ठरवलं.

मेडिकलवाल्याला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. त्याचं म्हणणं, चिठ्ठी दाखवली नाही, वय विचारलं, अजून काय करणार. वजन विचारायला हवं होतं आणि ‘५ मिली’ चाललंय का ते विचारायला हवं होतं. पण चिठ्ठी दाखवली असती तरी तीत ताकद नव्हतीच, हे मला त्याच्यासमोर कबूल करावं लागलं.

औषधाबाहेरची एक गोष्ट. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, सात-आठ तासांत लघवी झाली नाही, मूल ताप उतरल्यावरही मलूलच राहिलं, श्वास जोरात चालतोय, अंगावर जांभळे डाग आले किंवा फिट आली, तर डोसाचं गणित बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं.

सप्टेंबरात मनूला पुन्हा ताप आला. आई दाखवायला आली तेव्हा तिने पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने: वेळ, मिली, कोणी दिलं. ‘१०.१५ – ३.२ – आजी.’ ‘४.३० – ३.२ – आजी.’ रात्री साडेदहाच्या पुढे बाबांनी लिहिलं होतं, ‘झोपलीय, दिलं नाही.’ पानाला सेलोटेपने एक सिरिंज चिकटवलेली होती, आणि ३.२ च्या रेषेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. मी विचारलं, हा कोणाचा? आजी बाहेरच्या बाकावरून म्हणाली, “माझाच. मला ते बारीक आकडे दिसत नाहीत.”

मनू तेव्हा ११.६ किलो भरली. ठिपका अजून चालणार होता.